एक संध्याकाळ, चार आकडे

2018 साली मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सगळ्या मोठ्या कंपन्यांना एकदमच आपल्या वेळेची काळजी वाटू लागली. मे महिन्यात गूगलनं आपल्या वार्षिक परिषदेत अँड्रॉइडसाठी ‘डिजिटल वेलबीइंग’ जाहीर केलं. जूनमध्ये ॲपलनं ‘स्क्रीन टाइम’ दाखवलं आणि सप्टेंबरमध्ये ते आयओएस 12 बरोबर आयफोनवर आलं. मधल्या ऑगस्टमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामनं आपापल्या ॲपच्या आत वेळेचा हिशेब दाखवणारं पान आणत असल्याचं सांगितलं, आणि त्याच महिन्यात यूट्यूबनंही ‘टाइम वॉच्ड’ सुरू केलं. तेव्हापासून एकाच सवयीचे दोन हिशेब आपल्या हातात आहेत, एक फोनचा आणि एक ॲपचा. आणि ते जुळत नाहीत.

घरोघरी यावरून वाद होतात. आई फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन म्हणते, ‘अडीच तास इन्स्टाग्राम!’ मुलगी इन्स्टाग्राम उघडून दाखवते, ‘हे बघ, एकच तास.’ आईला वाटतं ॲप खोटं बोलतंय, मुलीला वाटतं फोन बिघडलाय. बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. कोणत्या प्रश्नांची, ते पाहण्यासाठी मी इथे अँड्रॉइड फोन आणि इन्स्टाग्राम ही जोडी घेतली आहे. आपल्याकडे ही जोडी पुष्कळ हातांत दिसते. यूट्यूब आणि आयफोन ओघात येतील.

आधी वादातली सोपी बाजू. इन्स्टाग्रामच्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो आजचा नसतो, ती गेल्या आठवड्याची रोजची सरासरी असते. फोन मात्र उघडल्या उघडल्या आजचा आकडा दाखवतो. समजा, एखाद्या मुलीनं सोमवार ते शुक्रवार अनुक्रमे 30, 35, 25, 40 आणि 30 मिनिटं इन्स्टाग्राम पाहिलं, शनिवारी 110 आणि रविवारी 150. बेरीज 420, सरासरी 60. रविवारी रात्री फोन म्हणणार अडीच तास आणि ॲप म्हणणार एक तास. आईचं खरं, मुलीचंही खरं. सरासरीखालच्या उभ्या पट्ट्यांपैकी रविवारच्या पट्टीवर बोट ठेवलं की त्या एका दिवसाची मिनिटं दिसतात, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरी गोष्टही कंपनीनं 2018 च्या निवेदनातच सांगितली होती, पण ती कुणी वाचत नाही. हा आकडा ‘त्या उपकरणावर त्या ॲपचा’ आहे. म्हणजे याच खात्यानं लॅपटॉपवर किंवा आजोबांच्या टॅबवर इन्स्टाग्राम पाहिलं, तर ती मिनिटं या पानावर येत नाहीत. उलट एका फोनवर दोन खाती चालवली, एक स्वतःचं आणि एक घरगुती मसाल्यांच्या धंद्याचं, तर हिशेब फोनवरच्या ॲपचा होतो, माणसाचा नाही. धंद्याच्या खात्यावर ग्राहकांना उत्तरं देण्यात गेलेला तास आणि रील्समध्ये गेलेला तास एकाच पट्टीत बसतात.

एवढं करून एकाच दिवसाच्या, एकाच फोनवरच्या पट्ट्या समोरासमोर ठेवल्या तरी फरक उरतो. खरा विषय तिथून पुढे आहे.

फोन काय लिहितो

फोनला तुम्ही रील पाहताय, मैत्रिणीशी बोलताय की नुसतेच शून्यात बघताय, यातलं काही कळत नाही. त्याचं काम सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं आहे. आत कोण गेलं, किती वाजता, बाहेर किती वाजता, एवढंच वहीत. फ्लॅटमध्ये काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला एक पक्कं नाव असतं. इन्स्टाग्रामचं `com.instagram.android`. ॲपची एखादी खिडकी स्क्रीनवर पुढे आली की सिस्टिम तिच्या नावानं ‘सुरू’ची नोंद करते, दुसरं काही पुढे आलं की ‘थांबलं’ची, आणि ती खिडकी पूर्ण दिसेनाशी झाली की आणखी एक. स्क्रीन पेटली, विझली, लॉक पडलं, फोन बंद झाला, याही नोंदी होतात. दिवसाचा आकडा म्हणजे ‘सुरू’ आणि ‘थांबलं’ या जोड्यांमधल्या वेळेची बेरीज. ज्यांना थोडी खटपट आवडते त्यांनी फोनमध्ये डेव्हलपर पर्याय उघडून यूएसबी डीबगिंग चालू करावं, फोन संगणकाला जोडावा आणि ही आज्ञा द्यावी:

```
adb shell dumpsys usagestats
```

भलामोठा मजकूर येतो. त्यात अशा ओळी असतात (इथे बरीच काटछाट केली आहे):

```
21:00:04 type=ACTIVITY_RESUMED package=com.instagram.android
21:10:02 type=ACTIVITY_PAUSED  package=com.instagram.android
21:10:03 type=ACTIVITY_STOPPED package=com.instagram.android
```

म्हणजे नऊ वाजून चार सेकंदांनी आत, नऊ दहाला बाहेर. इन्स्टाग्रामच्या खात्यात नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद जमा.

या पद्धतीचे दोन परिणाम चटकन लक्षात येत नाहीत. एक म्हणजे खिडकी कुणाच्या नावावर आहे त्यावर सगळं ठरतं. इन्स्टाग्राममधल्या जाहिरातीवर बोट ठेवलं की साडीच्या दुकानाची वेबसाइट उघडते, पण ती क्रोममध्ये नाही, इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये. खिडकी इन्स्टाग्रामची, म्हणून मिनिटंही इन्स्टाग्रामची. काही ॲप अशी लिंक क्रोमकडून एका विशेष टॅबमध्ये उघडून घेतात. दिसायला ते पान ॲपच्या आतच असल्यासारखं वाटतं, पण वेळ क्रोमच्या नावावर चढतो. वाचणाऱ्याला दोन्हीत फारसा फरक जाणवत नाही.

दुसरा परिणाम स्क्रीन दुभागण्याचा. अँड्रॉइड 10 पासून दोन्ही अर्ध्यांतली ॲप एकाच वेळी ‘सुरू’ अवस्थेत राहू शकतात. वर रील्स, खाली व्हॉट्सॲप, अशी वीस मिनिटं गेली तर दोघांच्याही नावावर वीस वीस मिनिटं लागू शकतात. सगळ्या ॲपची बेरीज घड्याळातल्या वेळेपेक्षा जास्त आली, तर अशा दुभागलेल्या स्क्रीनचा संशय आधी घ्यावा.

ॲप काय लिहितं

ॲप घराच्या आत असतं. आपण पुढे आलो, आपण मागे गेलो, हे सिस्टिम त्यालाही सांगते, पण त्याच्याकडे त्याहून बरंच काही असतं. बोट कधी सरकलं, कोणत्या रीलवर किती थांबलं, व्हिडिओ चालू होता की अडकला होता, खातं कोणतं होतं. यातलं काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे ॲप लिहिणारे ठरवतात.

हे किती बारीक असू शकतं याचा एक नमुना फेसबुकच्या वेबसाइटच्या कोडमध्ये दिसत आला आहे. `TimeSpentBitArrayLogger` नावाचा एक तुकडा आणि त्यातून कंपनीकडे जाणारी `time_spent_bit_array` नावाची नोंद. नाव अगडबंब असलं तरी कल्पना साधी आहे. सेकंदांची एक पट्टी घ्यायची, प्रत्येक सेकंदाला एक खाना. त्या सेकंदाला माणूस सक्रिय असल्याची खूण मिळाली तर खान्यात 1, नाहीतर 0. अशी पट्टी भरली की पाठवून द्यायची. वेळ मोजायचा तर एकांची बेरीज करायची. आत कधी आणि बाहेर कधी एवढ्यावर ही पद्धत थांबत नाही, मधला प्रत्येक सेकंद तपासते. मला यात खटकणारी गोष्ट अशी की कंपनी स्वतःसाठी सेकंदांची वही ठेवते आणि आपल्याला दाखवते सात पट्ट्या आणि एक सरासरी. कोणत्या भागात किती वेळ गेला, रील्समध्ये किती आणि मेसेजमध्ये किती, हे सांगणं तिला मुळीच अवघड नाही.

मग ॲप आपला आकडा फोनच्या आकड्याशी ताडून का पाहत नाही? एक म्हणजे फोनची सगळी वही त्याला सहजी दिसत नाही. अँड्रॉइडवर दुसऱ्या ॲपच्या वापराच्या नोंदी वाचायच्या तर मालकानं सेटिंगमध्ये जाऊन ‘वापर ॲक्सेस’ ही खास परवानगी स्वतःच्या हातानं द्यावी लागते. आयफोनवर तर स्क्रीन टाइमचे आकडे ॲपलनं कडीकुलपात ठेवले आहेत. एखाद्या ॲपला ते पडद्यावर दाखवायची सोय मिळू शकते, पण आकडे स्वतःच्या सर्व्हरवर न्यायची मुभा नाही. आणि हे योग्यच आहे. तुम्ही बँकेचं ॲप किती वेळा उघडता आणि कोणतं डेटिंग ॲप रात्री किती वाजता, हे प्रत्येक ॲपला कळू लागलं तर काय होईल याची कल्पना करवत नाही. पण त्याचा परिणाम असा की दोन वह्या स्वतंत्रपणे लिहिल्या जातात आणि त्यांचा ताळमेळ कुणी घालत नाही.

आता एक संध्याकाळ मिनिटामिनिटानं पाहू. कल्पित आहे, पण ओळखीची वाटेल.

नऊ वाजता एका मुलीनं इन्स्टाग्राम उघडलं. नऊ सहाला तिला एक कुर्ती आवडली, जाहिरातीवर बोट ठेवलं, दुकानाची साइट ॲपच्या आतच उघडली आणि चार मिनिटं ती तिथे मापं बघत बसली. नऊ दहाला मावशीचा मेसेज आला म्हणून ती व्हॉट्सॲपवर गेली, नऊ तेराला परत आली. नऊ पंचवीसपर्यंत रील्स. तेवढ्यात आईनं ताटं घ्यायला हाक मारली. फोन टेबलावर तसाच राहिला, एक रील पुन्हा पुन्हा फिरत राहिली. व्हिडिओ चालू असताना स्क्रीन विझू देऊ नकोस, असं ॲप फोनला सांगू शकतं, त्यामुळे ती पेटलेलीच होती. नऊ बत्तीसला धाकट्या भावानं बटण दाबून फोन बंद केला. जेवणानंतर दहा ते दहा पंचवीस तिनं लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये इन्स्टाग्राम पाहिलं.

फोनच्या हिशेबानं नऊ ते नऊ दहा ही दहा मिनिटं आणि नऊ तेरा ते नऊ बत्तीस ही एकोणीस, मिळून 29. टेबलावरची सात मिनिटं त्यात आहेत, कारण खिडकी पुढे होती आणि स्क्रीन पेटलेली होती. कुर्तीची चार मिनिटंही आहेत. लॅपटॉप नाही.

एखाद्या ॲपनं आतल्या ब्राउझरचा वेळ आपला धरला नाही, तर 25. ज्यानं सक्रिय सेकंदच मोजले आणि टेबलावरची सात मिनिटंही वगळली, त्याच्याकडे 18. आणि जो हिशेब उपकरणाचा न ठेवता खात्याचा ठेवतो, तो लॅपटॉपची पंचवीस मिनिटं धरून 54 म्हणेल. एका संध्याकाळचे 18, 25, 29 आणि 54 असे चार आकडे झाले. यातला एकही खोटा नाही. गंमत अशी की मुलीला स्वतःला विचारलं तर ती कदाचित पाचवाच आकडा सांगेल, आणि त्याबद्दल पुढे बोलू.

चौथ्या प्रकारचा, म्हणजे खात्याचा हिशेब कोण ठेवतं? यूट्यूब. त्याचा ‘टाइम वॉच्ड’ हा तुमच्या पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासावरून काढला जातो. त्यामुळे त्याची गणितं इन्स्टाग्रामपेक्षा अगदी उलटी वागतात. फोन आणि लॅपटॉप दोन्हींवरचं पाहणं एकत्र येतं. इन्कॉग्निटोमध्ये पाहिलेलं किंवा इतिहासातून खोडलेलं गळून पडू शकतं. यूट्यूब म्युझिक त्यात धरलेलं नाही. पैसे भरून घेतलेल्या प्रीमियमवर फोन खिशात ठेवून, स्क्रीन बंद करून तासभर कीर्तन ऐकलं, तर फोनच्या दृष्टीनं स्क्रीनवर काहीच नव्हतं आणि यूट्यूबच्या दृष्टीनं एक तासाचा व्हिडिओ चालला. उलट अर्धा तास प्रतिक्रिया वाचण्यात आणि काय बघायचं ते शोधण्यात घालवला, तर फोन अर्धा तास लिहितो, पण इतिहासात त्या वेळेचा एकही व्हिडिओ नसतो. म्हणून यूट्यूबच्या बाबतीत ॲपचा आकडा फोनपेक्षा मोठाही येऊ शकतो आणि लहानही. इन्स्टाग्रामचा आकडा एकाच उपकरणाचा असल्यानं तो फोनपेक्षा फार मोठा निघण्याचं कारण क्वचितच असतं. तसा निघाला तर बहुधा एका बाजूला सरासरी आणि दुसऱ्या बाजूला आजचा दिवस अशी तुलना झालेली असते.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काही करणं, ही आणखी एक पेचाची जागा. अँड्रॉइडच्या नियमानुसार अशा चौकटीत गेलेली खिडकी दिसत असते, पण ‘थांबलेली’ मानली जाते. म्हणूनच अँड्रॉइड 10 पासून सिस्टिममध्ये एका ॲपचे दोन वेगळे वेळ मिळतात, एक ‘पुढे असण्याचा’ आणि एक ‘दिसत असण्याचा’. वेळ दाखवणारी वेगवेगळी ॲप यातलं वेगवेगळं माप उचलू शकतात. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या स्क्रीन टाइमच्या ॲपनं तिसराच आकडा दाखवला, तर आधी इथे बघावं.

चिल्लर मिनिटं

मोठ्या कारणांबरोबर काही किरकोळ गळत्याही असतात. त्यातली एक किरकोळ वाटते पण नसते. सूचना आली, उघडलं, कुणी काय म्हटलंय ते पाहिलं, बंद केलं. वीस सेकंद. दिवसात असं चाळीस वेळा झालं तर तेरा मिनिटं वीस सेकंद होतात. फोनची वही प्रत्येक वेळेस ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहिते, म्हणून ही मिनिटं तिथे जमतात. पण एखाद्या हिशेबात अर्ध्या मिनिटापेक्षा छोट्या भेटी धरायच्याच नाहीत असं ठरवलं असेल, किंवा प्रत्येक भेट खालच्या पूर्ण मिनिटावर आणली जात असेल, तर तिथे या सगळ्याची बेरीज शून्य येते.

आणि नेमकं हेच माणसांच्या लक्षात राहत नाही. फेसबुकच्या संशोधकांनी विद्यापीठातल्या अभ्यासकाबरोबर 2020 मध्ये 15 देशांतल्या सुमारे 50 हजार लोकांना त्यांच्या फेसबुक वापराबद्दल विचारलं आणि उत्तरं सर्व्हरवरच्या नोंदींशी ताडून पाहिली. लोक घालवलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगत होते आणि उघडण्याच्या वेळा कमी. पाचवा आकडा म्हणालो तो हा, आपल्या स्वतःच्या अंदाजाचा. फोनच्या आकड्यावर अविश्वास दाखवताना आपण बहुधा त्याची तुलना याच आकड्याशी करत असतो, आणि पाचांत सगळ्यात कच्चा तोच.

दुसरी गळती आयफोनची. वरून बोटानं सूचनांचा पडदा खाली ओढला की आयफोन मागच्या ॲपला ‘तू आता सक्रिय नाहीस’ असं कळवतो, पण ‘तू मागे गेलास’ असं कळवत नाही. अर्धवट अवस्था. त्या क्षणी घड्याळ थांबवायचं की चालू ठेवायचं, हे ॲप लिहिणाऱ्यावर आहे. अँड्रॉइडवर हाच पडदा खाली ओढला तर खालची खिडकी ‘सुरू’च राहते. त्यामुळे एकाच कंपनीचं एकच ॲप, एकाच माणसाची एकच सवय, तरी दोन फोनांवर थोडा वेगळा हिशेब लागू शकतो.

ॲप मध्येच कोसळलं तर त्याच्या स्मरणातले न लिहिलेले सेकंद जातात. फोनच्या वहीत मात्र खिडकी गेल्याची नोंद होते, कारण ती सिस्टिम लिहिते. पण फोन स्वतःच अचानक मेला, तर पाळी त्याच्यावर येते. अँड्रॉइड या नोंदी साधारण वीस वीस मिनिटांनी पक्क्या साठवतो. व्यवस्थित बंद केला तर तो आधी लिहून घेतो, पण झटक्यानं बंद पडला तर शेवटची काही मिनिटं हिशेबाबाहेर राहू शकतात. बॅटरी थकलेल्या जुन्या फोनांत हे घडतं.

आयफोनची खरी भानगड मात्र वेगळीच आहे. स्क्रीन टाइमच्या सेटिंगमध्ये सगळ्या उपकरणांचा वेळ एकत्र करण्याचा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर त्याच ॲपल खात्यावरच्या आयपॅड आणि मॅकचाही वेळ बेरजेत येतो, आणि सफारीमध्ये पाहिलेल्या `instagram.com` ची वेगळी ओळही दिसते. घरातला आयपॅड वडिलांच्या खात्यावर चालत असेल आणि धाकटी त्यावर रोज दोन तास कार्टून बघत असेल, तर वडिलांचा फोन ते दोन तास वडिलांच्याच नावावर मांडणार. इन्स्टाग्रामचा आकडा मात्र ‘या उपकरणाचा’च राहतो. आयफोनवर दोन्हींत दुपटीचा फरक दिसला तर सगळ्यात आधी हा पर्याय तपासावा. अँड्रॉइडचीही एक उलटी खोड आहे. तिथे वापराची वही वापरकर्त्यागणिक वेगळी असते, आणि ऑफिसचं वेगळं प्रोफाइल हा सिस्टिमच्या लेखी दुसरा वापरकर्ताच. त्यामुळे तिथल्या प्रतीचा वेळ मूळ ॲपच्या वेळेत धरला जाईलच असं नाही.

हे सगळं नुसतं कुतूहल म्हणून सोडून देता आलं असतं, जर या आकड्यांवर मर्यादा बांधलेल्या नसत्या. डिजिटल वेलबीइंगमध्ये एखाद्या ॲपला रोजची एक तासाची मर्यादा घातली, की ती फोनच्या हिशेबानं भरते. भरल्यावर चिन्ह करडं पडतं आणि मध्यरात्रीपर्यंत ॲप उघडत नाही. इन्स्टाग्रामच्या आतली रोजची मर्यादा ॲपच्या हिशेबानं भरते आणि पडद्यावर एक आठवण येते, जी बाजूला सारता येते. किशोरवयीन मुलांसाठी इन्स्टाग्रामनं सप्टेंबर 2024 मध्ये वेगळी खाती जाहीर केली, 2025 मध्ये ती भारतात आली. त्यात रोज 60 मिनिटांनंतर ॲप सोडण्याची आठवण येते. पालकांनी फोनवरही 60 मिनिटांची मर्यादा लावलेली असेल, तर दोन्ही घंटा एकाच वेळी वाजतील अशी अपेक्षा करू नये. वरच्या उदाहरणातल्या मुलीचं पाहिलं तर फोनची घंटा आधी वाजेल, कारण टेबलावर फिरत राहिलेली रीलही त्याच्या हिशेबात आहे. आणि लॅपटॉपवर गेल्यावर फोनवरची मर्यादा तिला अडवणारच नाही. मुलांना हे पालकांआधी कळतं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझं मत असं की मुलांशी करार करताना फोनचा आकडा घ्यावा. तो बारीक नसला तरी सगळ्या ॲपना एकच फूटपट्टी लावतो, आणि ज्याचा हिशेब आहे त्यानंच तो लिहिलेला नसतो. यूट्यूबला मात्र त्याचा स्वतःचा आकडा जास्त उपयोगी, कारण तिथे प्रश्न ‘किती पाहिलं’ हा असतो, आणि पाहणं दोन-तीन पडद्यांवर विखुरलेलं असतं.

स्वतःच्या फोनवर फरक कुठून येतो ते शोधायचं असेल तर एक छोटा प्रयोग पुरतो. दोन्ही पानांवरचे आजचे आकडे टिपून घ्यावेत. मग इन्स्टाग्रामवर एक रील लावून फोन दहा मिनिटं हात न लावता ठेवावा, आणि दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. फोनचा दहानं वाढला आणि ॲपचा त्याहून कमी, तर ॲप स्तब्ध वेळ गाळतं असं समजावं. दोन्ही सारखे वाढले तर गाळत नाही. तसंच आतल्या ब्राउझरचं करावं, एखादी लिंक उघडून पाच मिनिटं वाचत राहावं. पाहण्याआधी दोन्ही पानं बंद करून पुन्हा उघडावीत, कारण काही वेळा आकडे लगेच ताजे होत नाहीत. आणि हे रात्री बाराच्या आसपास करू नये, दिवस पालटला की एका पानावरची मिनिटं कालच्या पट्टीत गेलेली असतात आणि डोकं भणाणतं.

मागच्या महिन्यातला एखादा वाद यावरून सोडवायचा विचार असेल, तर मात्र तो सोडून द्यावा. आत कधी, बाहेर कधी अशा तपशीलवार नोंदी अँड्रॉइड काही दिवसच ठेवतो. त्यानंतर दिवसांच्या, आठवड्यांच्या बेरजा उरतात, आणि इन्स्टाग्रामच्या पानावर तर गेल्या सात पट्ट्याच.